अमृततुल्यचा चहा आणि हरवलेला कॉन्स्टंट

पुण्यात चहापासून सुरुवात केली की सगळे लक्ष देतात, म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ. अमृततुल्यमधून आणलेला चहा 85 अंशांवर आहे, खोलीचं तापमान 25 आणि दहा मिनिटांनी चहा 55 वर आला, असं धरू. न्यूटनच्या नियमाने समीकरण झालं:

dT/dt = −k(T − 25)

व्हेरिएबल वेगळे केले आणि इंटिग्रेट केलं: ln(T − 25) = −kt + C. इथवर बहुतेकांचं बरोबर असतं. गफलत पुढे होते. काही जण C लिहायलाच विसरतात आणि उत्तर देतात T = 25 + e^(−kt). काहींना तो शेवटी आठवतो, मग ते टोकाला चिकटवतात: T = 25 + e^(−kt) + C.

आता पडताळा घ्या. पहिलं उत्तर मूळ समीकरणात घातलं तर दोन्ही बाजू जुळतात! चूक दिसतच नाही. पण t = 0 ठेवा, चहा 26 अंश येतो. दुसऱ्याचं नेमकं उलटं. C = 59 घेतला की सुरुवातीचे 85 बरोबर येतात. समीकरणात घातल्यावर मात्र डावीकडे −ke^(−kt) आणि उजवीकडे −k(e^(−kt) + 59). शिवाय हा चहा कितीही वेळ ठेवला तरी 84 च्या खाली उतरणार नाही. म्हणून मी दोन्ही पडताळे घ्यायला लावतो. एकाच्या नजरेतून सुटलेली चूक दुसरा पकडतो.

C आला तो लॉगच्या पातळीवर. लॉग काढताना तो घातांकात जातो आणि गुणक होऊन बाहेर पडतो: T = 25 + Ae^(−kt). A = 60, आणि 55 वरून e^(−10k) = 1/2. म्हणजे वीस मिनिटांनी 40 अंश.

आता वेगळं करण्यातली चूक. कंस सोडवून −kT + 25k लिहिलं, आणि कुणी तरी dT/T = (−k + 25k) dt करून मोकळं होतं. इंटिग्रेशन चोख, कॉन्स्टंटही जागेवर, आणि उत्तर T = 85e^(24kt). टेबलावर ठेवलेला चहा उकळायला लागला! ही चूक इंटिग्रेशनच्या आधीच सापडते. T ने परत गुणून बघा: dT/dt = −kT + 25kT. मूळच्या 25k ला T कुठून चिकटला? भागताना तो एकाच पदाखाली गेला होता. उजवी बाजू T चं फलन गुणिले t चं फलन अशी असेल तरच व्हेरिएबल वेगळे होतात, आणि इथे त्यातलं T चं फलन अख्खं T − 25 आहे.

त्या T − 25 ने भागताना आपण T = 25 हे उत्तर बाजूला टाकलं होतं, हेही वहीत लिहा. खोलीइतकाच गार झालेला चहा तसाच राहतो. A = 0 घेतलं की ते परत मिळतं; ln मधून आलेला A = ±e^C मात्र कधीच शून्य होत नाही, त्यामुळे ते वेगळं तपासावं लागतं.