एका माशीसाठी अख्खा भाग

नमस्कार श्रोतेहो. दूरचित्रवाणीच्या मालिकेत मधेच एखादा भाग येतो, ज्यात सगळं एकाच खोलीत घडतं. नवीन पात्र नाही, बाहेरचं दृश्य नाही. इंग्रजी मालिकांच्या जगात याला 'बॉटल एपिसोड' म्हणतात. आपल्या दैनंदिन मालिका एकाच बंगल्यात वर्षानुवर्षं चालतात, पण ती त्यांची रोजची राहणी झाली. हा प्रकार वेगळा. एरवी गावभर हिंडणारी मालिका एका भागापुरती दार लावून बसते.

बहुतेक वेळा कारण पैशाचं असतं. अमेरिकी मालिकेत प्रत्येक भागाला ठरावीक रक्कम मिळते. सुरुवातीच्या भागांत पाठलाग, स्फोट, पाहुणे कलाकार झाले की पुढे तिजोरीत खडखडाट होतो. मग निर्माता लेखकाला सांगतो, उभा असलेला सेट वापर, नेहमीचे नट वापर, जागा बदलू नकोस. कारण जागा बदलायची म्हणजे कॅमेरे, दिवे, जनरेटर, रंगभूषेच्या गाड्या असा सगळा तांडा हलवायचा. त्यात पैसेही जातात आणि चित्रीकरणाचे तासही.

'ब्रेकिंग बॅड'च्या तिसऱ्या सीझनमध्ये नेमकं हेच झालं. तेरापैकी दहावा भाग, मे 2010, नाव 'फ्लाय', म्हणजे माशी. खर्च हाताबाहेर गेला होता, असं मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांनी पुढे उघड सांगितलं. सॅम कॅटलिन आणि मॉइरा वॉली-बेकेट यांनी तो लिहिला, रायन जॉन्सन यांनी दिग्दर्शित केला. जवळजवळ सगळा भाग जमिनीखालच्या एका चकचकीत प्रयोगशाळेत घडतो. वॉल्टर हा रसायनशास्त्राचा माजी शिक्षक, जेसी त्याचा जुना विद्यार्थी, आणि दोघं मिळून अमली पदार्थ बनवतात.

आता लेखकापुढचा पहिला प्रश्न असा, की ही माणसं बाहेर का जात नाहीत? लिफ्ट अडकली, वादळ आलं, ही उत्तरं सोपी, पण ती वरून लादलेली. इथलं उत्तर वॉल्टरच्या स्वभावातून येतं. प्रयोगशाळेत एक माशी शिरली आहे आणि ती मरेपर्यंत काम सुरू होणार नाही, असा त्याचा हट्ट. तो रात्रभर झोपलेला नाही. माशीमागे धावताना वरच्या कठड्यावरून खाली आपटतो, तरी थांबत नाही. दार उघडंच आहे हो! त्याचं मनच त्याला सोडत नाही.

दुसरा प्रश्न, इतका वेळ काय बोलायचं? त्याची तयारी लेखकांनी आधीच केली होती. दुसऱ्या सीझनमध्ये जेसीची प्रेयसी जेन झोपेत गुदमरून मेली, तेव्हा वॉल्टर तिथे उभा होता आणि त्याने तिला वाचवलं नाही. प्रेक्षकांना हे माहीत आहे, जेसीला नाही. माशीच्या भागात जेसी त्याच्या कॉफीत झोपेच्या गोळ्या घालतो. बिचाऱ्याचा हेतू चांगला, म्हातारा जरा झोपावा एवढाच. पण गोळ्या चढतात तशी वॉल्टरची जीभ सैल होते. आपण नेमकं कधी मरायला हवं होतं, याचा तो हिशेब मांडतो, आणि तो हिशेब फिरत फिरत जेन गेली त्या रात्रीवर येऊन थांबतो.

मग तो प्रसंग पाहा. जेसी डळमळत्या शिडीवर चढलाय, वॉल्टर पेंगत ती धरून उभा आहे आणि म्हणतो, जेनबद्दल मला वाईट वाटतं. पुढचं एक वाक्य निसटलं तर सगळं संपलं. ते निसटत नाही. माशी शेवटी जेसी मारतो, आणि आनंदाने वळून बघतो तर गुरुजी झोपलेले.

बाहेरून पाहिलं तर घडलं काय? एक माशी मेली. म्हणूनच अनेक प्रेक्षकांना हा भाग निव्वळ वेळकाढूपणा वाटला आणि आजही त्यावर हमरीतुमरी होते. माझ्या मते तक्रार अगदीच खोटी नाही, मधला पाठलाग थोडा ताणला आहे. पण फसलेला बंद खोलीतला भाग ओळखायची खूण वेगळी. तिथे पात्रं भांडतात, रडतात, आणि दार उघडल्यावर जशी होती तशीच बाहेर पडतात. इथे वॉल्टर कबुलीच्या उंबरठ्यापर्यंत गेला होता, हे आपल्याला कळलंय. पुढे तो जेसीशी जे जे वागतो, ते आपण त्या हिशेबाने बघतो.

एकच अडचण आहे. हे सगळं आधीच्या उधारीवर चालतं. हाच भाग पहिल्या सीझनमध्ये आला असता, तर शिडीवरच्या त्या वाक्याला काहीच वजन नसतं. तेव्हा कुणी कौतुक केलं म्हणून थेट हा भाग लावून बसू नका. निदान दुसऱ्या सीझनचा बारावा भाग आधी बघा.