पाळीतील अतिरक्तस्राव : गोळी कोणाला, तांबी कोणाला

नमस्कार, श्रोतेहो. पाळीत दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल किंवा दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील, तर डॉक्टर बहुधा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी लिहून देतात. पाळीत गर्भाशयाच्या उघड्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी ज्या गुठळ्या तयार होतात, त्या विरघळू न देणे एवढेच या गोळीचे काम आहे. ती हार्मोन नाही, गर्भनिरोधकही नाही. पाचशे मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, रक्तस्राव सुरू झाल्यापासून जास्तीत जास्त चार-पाच दिवस घ्यायच्या असतात. पुन्हा सांगते, फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत, महिनाभर नव्हे.

सक्करदऱ्याच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, हिमोग्लोबिन आठ. शेजारणीला गुण आला म्हणून तीच गोळी त्यांना हवी होती. पूर्वीचे आजार विचारले तर म्हणाल्या, "काहीच नाही जी." मग बाळंतपणांविषयी विचारले, तेव्हा दुसऱ्या खेपेला एक पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि कित्येक महिने रक्त पातळ करण्याचे औषध चालले होते, असे निघाले. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या स्त्रीला ही गोळी देणे धोक्याचे, आणि त्याच कारणाने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही बाद. सोनोग्राफी केली, या वयात आवश्यक म्हणून अस्तराचा तुकडाही तपासला. दोन्हींत दोष नव्हता, तेव्हा मी हार्मोनची तांबी सुचवली. त्यावर सासूबाई उसळल्या, "तांबीनं तर जास्तच जाते!" त्यांचे म्हणणे तांब्याच्या कॉपर-टीबाबत खरे आहे, या तांबीत मात्र तांबे नसते, लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते, आणि ते अस्तर पातळ ठेवते. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडत राहिले, तेव्हा त्या काढून घ्यायलाच आल्या होत्या. मी थांबवले. सहाव्या महिन्यात पाळी नावापुरती उरली आणि लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन अकरावर आले.

लग्नसराईत पाळी पुढे ढकलण्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेण्याची चाल मला मुळीच पसंत नाही. ती गोळी बहुधा नॉरेथिस्टेरॉनची असते, आणि मोठ्या मात्रेत तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. सक्करदऱ्याच्या त्या बाईंसाठी तीही निषिद्धच.

फिट येणाऱ्या स्त्रियांनी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड टाळावे, मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असताना ते त्यांच्या जोडीला घेऊ नये. डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी होणाऱ्यांनी, तसेच रक्तदाब वाढलेल्यांनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळाव्यात. स्तनाचा कर्करोग असेल, तर हार्मोनची तांबीही नको. आणि गोळी चालू असताना एकच पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, अचानक धाप लागली किंवा दिसणे अंधूक झाले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.