तिकीट कन्फर्म, तरी विमानात जागा नाही

(एका ग्राहक मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विमान कंपनीने जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली आणि तुम्ही वेळेवर पोचूनही तुम्हाला विमानात चढू दिलं नाही, तर काय करायचं, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. विमानाला उशीर होणं, उड्डाण रद्द होणं, सामान हरवणं यांचे नियम वेगळे आहेत. ते आज बाजूला ठेवू.

आधी हे घडतं कसं ते पाहू. प्रत्येक उड्डाणाला काही प्रवासी येतच नाहीत. कुणाचं काम रद्द होतं, कुणी वाहतुकीत अडकतं. त्या जागा रिकाम्या जाऊ नयेत म्हणून कंपनी जुन्या आकड्यांवरून अंदाज बांधते आणि तेवढी तिकिटं जास्तीची विकते. अंदाज बरोबर आला तर कुणाला काही कळत नाही. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या गर्दीत सगळेच आले, की काउंटरवर चार-पाच माणसं तिकीट हातात घेऊन उभी राहतात. कधी ऐनवेळी लहान विमान लावलं जातं, तेव्हाही हेच होतं.

आपल्याकडे यासाठी नियम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांच्या नियमावलीतला सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४. हा नियम २०१० साली आला आणि भरपाईच्या आजच्या रकमा २०१६च्या दुरुस्तीने ठरल्या. भाग क्रमांक लक्षात ठेवा, कारण काउंटरवर नुसतं ‘माझा हक्क आहे’ म्हणण्यापेक्षा ‘सिरीज एम, पार्ट ४ प्रमाणे लेखी द्या’ म्हटलं की समोरचा माणूस वरिष्ठांना बोलावतो.

नियमाप्रमाणे कंपनीने आधी विचारायचं असतं, की आपली जागा सोडायला स्वखुशीने कुणी तयार आहे का. त्याबदल्यात काय द्यायचं ते कंपनी ठरवते. कुणीच तयार झालं नाही आणि तुम्हाला तुमच्या इच्छेविरुद्ध थांबवलं, तर पुढचा भाग सुरू होतो. मूळ वेळेपासून तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात जागा दिली, तर भरपाई नाही. तासापेक्षा उशिराचं, पण चोवीस तासांच्या आतलं विमान दिलं, तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. चोवीस तासांनंतरचं विमान दिलं, तर चौपट, जास्तीत जास्त २०,०००. आणि तुम्ही पर्यायी विमान नाकारलं, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि शिवाय चौपट भरपाई, पुन्हा २०,०००च्या मर्यादेत.

हा शेवटचा पर्याय काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा, पुण्याची एक मुलगी दिल्लीला मुलाखतीला निघाली आहे. विमान संध्याकाळी ६.४०चं. तिकीट ५,५०० रुपयांचं. त्यात मूळ भाडं ४,२००, इंधन अधिभार ६००, आणि उरलेले ७०० कर आणि विमानतळ शुल्क. ती ५.१० वाजता काउंटरवर पोचली. देशांतर्गत उड्डाणांसाठी बहुतेक कंपन्यांचा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे इथे ५.४०ला. ती वेळेत आहे. तिला सांगितलं जातं, विमान भरलं, उद्या सकाळी ७.१०चं देतो.

हिशेब ४,८०० रुपयांवर होणार. कर आणि शुल्क त्यात येत नाहीत. उद्याचं विमान चोवीस तासांच्या आत आहे, म्हणून दुप्पट, म्हणजे ९,६०० रुपये आणि दिल्लीचा प्रवास. पण तिची मुलाखत सकाळी नऊला आहे. ७.१०चं विमान तिच्या काही कामाचं नाही. मग तिने म्हणायचं, ‘मला पर्यायी विमान नको.’ आता तिकिटाचे ५,५०० परत मिळतात आणि चौपट भरपाई होते १९,२००. एकूण २४,७००. त्याच रात्री दुसऱ्या कंपनीचं तिकीट १४,००० रुपयांना मिळालं, तरी ती मुलाखतीला पोचते आणि हिशेबाने तोट्यात राहत नाही. अडचण एवढीच, की १४,००० आज खिशातून जातात आणि २४,७०० नंतर येतात. ज्याला तेवढी तजवीज करता येते, त्याने ‘हो’ म्हणण्याआधी हे गणित कागदावर मांडावं. एकदा उद्याच्या विमानाचा बोर्डिंग पास हातात घेतला, की हा रस्ता बंद होतो.

मूळ भाडं आणि अधिभार मिळून ६,५०० असते तर? दुप्पट १३,००० होतात, पण मिळतात १०,०००. आणि येण्याजाण्याचं एकत्र तिकीट असेल, तर फक्त अडवलेल्या बाजूचं भाडं मोजलं जातं.

ही रक्कम रोख किंवा बँकेत जमा करून द्यायची असते. कूपन किंवा व्हाउचर द्यायचं तर तुमची लेखी संमती लागते. पुढे सही मागायला कागद आला, तर तो पूर्ण वाचा. त्यात ‘मी स्वेच्छेने जागा सोडत आहे’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर तुम्ही स्वखुशीच्या गटात गेलात आणि नियमातली भरपाई गेली. जेवणाचं कूपन घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या पावतीवर ‘पूर्ण भरपाई मिळाली’ असं लिहिलेलं नाही ना, ते पाहा.

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो. तक्रारी घेऊन येणारे लोक रकमेवर वाद घालायला तयार असतात, पण त्यांचा दावा त्याआधीच अडतो. कंपनी उत्तर देते, ‘प्रवासी वेळेत आलाच नाही.’ तुमच्या पीएनआरवर ‘नो शो’ अशी नोंद झाली, की जागा नाकारल्याचा प्रश्नच उरत नाही. भरपाई नाही, आणि परताव्यात हाती लागतात थोडे कर आणि शुल्क. शिवाय एकाच पीएनआरवर परतीचं तिकीट असेल, तर तेही आपोआप रद्द होऊ शकतं. दिल्लीला दुसऱ्या मार्गाने पोचलेला माणूस परतीच्या दिवशी पुन्हा काउंटरवर अडकतो.

म्हणून तुम्ही वेळेत हजर होतात याचा पुरावा तिथल्या तिथे तयार करा. काउंटरसमोर उभे राहून मोबाइलने फोटो काढा, त्यात उड्डाणांचा फलक आणि वेळ दिसू द्या. वेब चेक-इन केलं असेल, तर बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट ठेवा. टर्मिनलला येताना केलेल्या टॅक्सीची पावती, तिथे घेतलेल्या चहाचं बिल, सगळं जपा. त्यांच्यावर वेळ छापलेली असते. मग कंपनीला लेखी मागा, की ‘जागा नसल्यामुळे प्रवेश नाकारला’. नाही दिलं, तर काउंटरवरूनच त्यांच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर ईमेल करा: पीएनआर, उड्डाण क्रमांक, मी इतक्या वाजता काउंटरवर हजर होतो, मला जागा नाही असं सांगण्यात आलं, लेखी देण्यास नकार मिळाला, मी स्वेच्छेने जागा सोडलेली नाही. चार ओळी पुरतात. त्या ईमेलवरची वेळ पुढे तुमची साक्षीदार होते. आणि परतीचं तिकीट हवं असेल, तर ‘परतीचं आरक्षण कायम ठेवा’ हेही त्यातच लिहा.

मात्र खरोखर उशीर झाला असेल, ओळखपत्र नसेल, किंवा काउंटरवर वेळेत येऊनही बोर्डिंग गेटवर गेट बंद झाल्यावर पोचला असाल, तर हा नियम तुमच्यासाठी नाही. चेक-इन झालं म्हणून निवांत कॉफी पीत बसणारे लोक इथेच फसतात.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: वेब चेक-इन केलं, पण सीट क्रमांकाच्या जागी ‘विमानतळावर दिला जाईल’ असं आलं, तर काळजी करावी का? ताई, दर वेळी नाही. पण उड्डाण भरलेलं असताना ज्यांना सीट क्रमांक नाही, तेच आधी अडकण्याचा संभव असतो. असं दिसलं तर नेहमीपेक्षा लवकर निघा आणि काउंटरवर सीट क्रमांक छापलेला पास मिळेपर्यंत तिथून हलू नका.

कंपनीने पैसे नाकारले तर? आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे. दोघांची नावं आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. त्याबरोबरच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या airsewa.gov.in या पोर्टलवर तक्रार नोंदवा. डीजीसीए या तक्रारींची दखल घेते. जून २०२२ मध्ये बेंगळुरू, हैदराबाद आणि दिल्ली इथल्या तपासण्यांनंतर, वेळेत आलेल्या प्रवाशांना अडवून भरपाई न दिल्याबद्दल एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड झाला होता. पण दंड सरकारजमा होतो. तुमचे पैसे तुम्हालाच मागून घ्यावे लागतात.

तरी नाही दिले, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पुण्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. विमान तिकिटाएवढ्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. इथे २०,०००ची मर्यादाही आडवी येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलं आहे, की डीजीसीएची रक्कम घेतली तरी नुकसान त्याहून जास्त असेल, तर ते वेगळं मागता येतं. आपल्या उदाहरणातल्या मुलीची मुलाखतच बुडाली असती, तर मुलाखतीचं पत्र आणि तिचा तो चार ओळींचा ईमेल तिने आयोगापुढे ठेवायचा.

परदेशात मुलं असलेले बरेच जण इथे दिसतात, म्हणून जाता जाता एवढं सांगतो. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान तिथल्या नियमात येतं. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना जागा नाकारली, तर कंपनी भारतीय असली तरी ६०० युरो भरपाई आहे. दिलेल्या दुसऱ्या विमानाने तुम्ही चार तासांच्या आतल्या उशिराने पोचलात, तर ती निम्मी होऊ शकते. उलट मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना तो नियम फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला लागू होतो.

प्रश्न असतील तर विचारा. तिकिटाची प्रत कुणी बरोबर आणली असेल, तर मूळ भाडं आणि अधिभार कुठे छापलेले असतात ते आपण त्यावरच पाहू.