घड्याळ कुठंय तुझं?

मुलींनो, आणि मागच्या बाकावरच्या तिघा मुलांनो, विषय सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटीचा आहे हे लक्षात आहे माझ्या. पण आधी एका शिबिराचं सांगते.

नोकरीचं पहिलं वर्ष. शाळेच्या वर्गात पडदे लावून व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी, चालली होती. ५ मिली ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड, ९५ मिली पाणी. त्यात भिजवलेला बोळा गर्भाशयमुखाला लावायचा, पूर्ण एक मिनिट थांबायचं आणि मग बघायचं. पेशी बिघडलेल्या असतील तिथली प्रथिनं गोठतात आणि दाट पांढरा, ठळक कडांचा डाग उठतो. सकाळी चौघी पॉझिटिव्ह निघाल्या. दुपारनंतर एकही नाही. मी खूश! संध्याकाळी मोठ्या सिस्टरांनी एवढंच विचारलं, "घड्याळ कुठंय तुझं?"

बाहेर रांग, बायकांना साडेचारची एसटी गाठायची. मी बोळा काढला की लगेच बघून 'नॉर्मल' लिहीत सुटले होते. डाग उठायला वेळच दिला नव्हता. सगळ्यांना परत बोलावलं. निम्म्या आल्याच नाहीत.

आजार असलेल्यांपैकी किती जणी तपासणीत सापडतात, ती सेन्सिटिव्हिटी. पुस्तकात तिचा आकडा छापलेला असतो, पण त्या दुपारी तो माझ्या घाईनं खाली आणला होता.

पुढच्या शिबिरात मी इतकी धास्तावले की जरा लाली दिसली, सूज दिसली, फिकट पांढुरकं काही दिसलं, की पॉझिटिव्ह! आता स्पेसिफिसिटी पडली. निरोगी बायकांपैकी किती जणींना आपण बरोबर 'निगेटिव्ह' म्हणतो, ती ही. त्यातल्या एकीनं घरी जाऊन दागिने सुनांत वाटून टाकले. हसू नका, तिला काहीही झालेलं नव्हतं. सुनांनी परत दिले की नाही, ते मी विचारलं नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे चहा झालाय. तर खरा मुद्दा घाईत घ्या, हिशेबापुरते आकडे धरून.

१००० बायका, त्यात १० जणींना खरा दोष. सेन्सिटिव्हिटी ८० टक्के, म्हणजे ८ सापडल्या, २ निसटल्या. स्पेसिफिसिटी ९० टक्के, म्हणून ९९० निरोगींपैकी ९९ उगाच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १०७, खऱ्या ८. शंभरात साडेसातसुद्धा नाहीत! तीच तपासणी, तोच हात, पण हजारात दोष असलेल्या १०० असतील तर ८० खऱ्या आणि ९० खोट्या, जवळपास निम्म्या-निम्म्या. तपासणी बदलली नाही, समोरची वस्ती बदलली.

म्हणून व्हीआयए पॉझिटिव्ह आली की 'कॅन्सर निघाला' हे शब्द तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत. "डाग दिसतोय, दुर्बिणीतून नीट बघायला हवं," असं सांगायचं आणि त्याच कागदावर कॉल्पोस्कोपीची तारीख लिहायची. निगेटिव्ह आलेलीलाही बजावायचं: संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर पुढच्या शिबिराची वाट बघायची नाही. त्या निसटलेल्या दोघी तिच्यासारख्याच 'नॉर्मल'ची चिठ्ठी घेऊन घरी गेलेल्या असतात.