यादी कुठून आली?

(सोलापुरात व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

तुमच्यापैकी बरेच जण इंटर्नशिप रिपोर्टची सुरुवात कंपनीच्या इतिहासापासून करतात आणि त्यातच वीस पानं भरतात. तो इतिहास दीड पानात आवरा. मला आज एकाच कामाबद्दल बोलायचं आहे. केलेलं काम, त्यातून आलेले आकडे, त्यातून मिळालेलं शिक्षण आणि तुमचं आत्मपरीक्षण या चार गोष्टी एकाच धाग्यात कशा ओवायच्या, ते त्यावरून कळेल.

समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात तुम्ही आठ आठवडे होतात. काम मिळालं दुकानदारांच्या सर्वेक्षणाचं. आता रिपोर्टमध्ये नुसतं 'मार्केट सर्व्हे केला' असं लिहिलं, तर परीक्षकाला काहीच दिसत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात ४८ दुकानांत गेलो. प्रत्येक ठिकाणी सहा प्रश्न विचारले. दुकानांची यादी कंपनीच्या सेल्समननी दिली.' यातलं शेवटचं वाक्य मुलं हमखास गाळतात, आणि सगळी गोम तिथेच असते.

पुढे आकडे येतात. ४८ पैकी ४४ दुकानदार मालावर समाधानी आहेत. मग पाय चार्ट काढला जातो, खाली '९१.६७ टक्के बाजारपेठ समाधानी' असं लिहिलं जातं आणि सगळे खूश होतात. पण सेल्समनकडची यादी म्हणजे कंपनीच्या खात्यावरची गिऱ्हाइकं. ज्यांनी माल घेणं बंद केलं, त्यांची नावं त्या यादीत असतील कशी? तुम्ही बाजारपेठेला विचारलंच नाही. जे टिकून आहेत त्यांनाच विचारलंत, 'टिकून आहात ना?'

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. उत्तरं जवळजवळ सगळी एकाच बाजूला झुकली, की आधी यादी कुठून आली ते पाहा. दोन दशांश स्थळंही काढून टाका. ४८ दुकानांच्या आकड्याला एवढी बारीक अचूकता शोभत नाही. '४८ पैकी ४४' हेच प्रामाणिक आणि वाचायलाही सोपं.

मग करायचं काय? दोन दिवस हातात असतील तर नवी पेठेत, यादीतल्या दुकानांच्या आसपासची, यादीत नसलेली बारा दुकानं गाठा. समजा, त्यांतल्या सात जणांनी सांगितलं, 'पूर्वी घेत होतो, आता नाही.' सातांपैकी पाच म्हणाले, 'मालाची तक्रार नाही, पण उधारी तीस दिवसांची. दुसरे पंचेचाळीस देतात.' सर्वेक्षणातली खरी मिळकत ही आहे. मात्र ४८ आणि १२ ची बेरीज करून ६० चा तक्ता बनवू नका. दोन्ही गट वेगळ्या पद्धतीने निवडलेत, म्हणून तक्तेही दोन हवेत. आणि या बारांवरून सोलापूरच्या बाजाराबद्दल निष्कर्ष काढू नका. 'उधारीची मुदत हे माल बंद करण्याचं एक कारण दिसतं, ते आणखी दुकानांत तपासावं लागेल', इतकंच म्हणता येतं. कंपनीसाठी शिफारसही तेवढीच: बंद झालेल्या खात्यांची यादी काढून त्यांना कारण विचारावं.

शिक्षण आणि आत्मपरीक्षण यांत मुलांची गल्लत होते, म्हणून दोन्ही भागांत 'आत्मविश्वास वाढला, संवादकौशल्य सुधारलं' हीच वाक्यं येतात. शिक्षण म्हणजे विषयाबद्दल काय कळलं: इथे, नमुना कसा निवडला यावर उत्तर ठरतं. वर्गात वाचलेली 'सोयीस्कर नमुना' ही संज्ञा इथे लिहायची, कारण आता तिला तुमच्याकडे उदाहरण आहे. आत्मपरीक्षण म्हणजे त्या वेळी तुम्ही कसे वागलात आणि का. ते असं लिहिता येईल:

'यादी हातात आली तेव्हा ती कशी बनवली, हे मी विचारलं नाही. सेल्समन अनुभवी होते, विचारणं उद्धटपणाचं वाटेल असं वाटलं. चौथ्या आठवड्यात एकसारखी उत्तरं पाहून शंका आली, तरी गाइडना सांगायला मी पाच दिवस लावले. पुढच्या वेळी यादी घेतानाच विचारेन: यात कोण नाही?'

यात मोठा शब्द एकही नाही, पण हे दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टमधून उचलता येणार नाही. आणि ते पाच दिवस आठवणीतून सापडत नाहीत. त्यासाठी रोज संध्याकाळी डायरीत तीन ओळी लिहिलेल्या लागतात: कुठे गेलो, काय मोजलं, काय खटकलं.

एक सांगायचं राहिलं. उधारीबद्दल बोललेल्या दुकानांची नावं रिपोर्टमध्ये छापू नका. तो रिपोर्ट कंपनीतही वाचला जातो, आणि त्या दुकानदाराला उद्या त्याच सेल्समनशी व्यवहार करायचा असतो. 'दुकान १' ते 'दुकान १२' असे क्रमांक द्या, मूळ यादी आपल्याजवळ ठेवा.