निर्णय लिहून येतो, ते काम

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर एका पुस्तिकेची पानं. एका परिच्छेदाच्या कडेला पिवळी टीप.)

निवेदन :

ही पुस्तिका मांडणारी तरुणी लहानपणापासून ऐकू शकत नाही. ओठ वाचते, पण ओठांवर सगळं उमटत नसतं. पान, बाण आणि मान हे तिन्ही शब्द आवाज न काढता आरशासमोर म्हणून पाहा. ओठ जवळपास सारखेच हलतात. उरलेलं संदर्भावरून ताडावं लागतं. गप्पांमध्ये ते निभावून जातं. पानं किती, हे मात्र ताडून चालत नाही.

काम शोधायला लागली तेव्हा घरचे म्हणाले, एका जागी शांत बसून करायचं काही बघ. सल्ला मायेचा होता, पण अपुरा. एखाद्या कार्यालयात माहिती भरण्याचं काम शांतच असतं. पण तिथले साहेब जाता जाता “तो तारखेचा रकाना आता सोडून द्या” असं तोंडी सांगत असतील, तर ऐकू न येणाऱ्या माणसाचं दिवसभराचं काम चुकीचं ठरतं. उलट मापं आणि फोटो लिहून-पाठवून मागणी येत असेल, तर ठोकाठोकीचं हस्तकामही सोयीचं. म्हणून ती एकच गोष्ट विचारायची : शेवटचा निर्णय तोंडी होतो की लिहून?

पुस्तिकांच्या मांडणीत तो लिहून घेता येतो. काम हाती घेण्याआधी ती एक पानभर तक्ता पाठवते. पुस्तिकेचा आकार, पानं, मजकूर कोण देणार, फोटो कोणते, छपाईची तारीख आणि होकार देणारी व्यक्ती कोण. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. होकार देणारे दोघं असले, की त्यांचं आपसात बोलणं होतं आणि तिच्यापर्यंत अर्धंच पोहोचतं.

(दृश्य : पिवळी टीप जवळून. “फोनवर ठरल्याप्रमाणे एक पान वाढवा.”)

या टिपेत धोक्याची खूण आहे : “फोनवर ठरल्याप्रमाणे”. म्हणजे ग्राहक आणि छापखाना यांचं काहीतरी बोलणं झालंय, आणि ते तिच्याकडे आलेलं नाही.

पुस्तिका मुखपृष्ठासकट १६ पानांची, मधोमध पिना मारलेली. अशा पुस्तिकेत एक कागद दुमडला की चार पानं होतात. १६ नंतर थेट २०. सतरावं पान एकटं जोडता येत नाही. फोनवर हे कुणाच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असेल आणि लिहायचं राहून गेलं असेल. तिला ते कळायला मार्ग नाही, आणि ती अंदाजही बांधत नाही.

ती लिहिते : “एक पान वाढवता येणार नाही, पानं चारच्या पटीत लागतात. १) पान ९ आणि १० वरचा मजकूर कमी करून नवा मजकूर तिथेच बसवते, पानं १६ राहतील. २) पानं २० करते, उरलेल्या तीन पानांसाठी मजकूर तुम्ही द्याल, आणि छपाईचा खर्च वाढेल. कृपया १ किंवा २ एवढंच लिहून कळवा.” सोबत त्या दोन पानांचं चित्र, काय जाईल तिथे लाल चौकट.

चित्र आणि आकडे जोडण्यामागे आणखी एक कारण आहे. ज्यांची पहिली भाषा खुणांची, त्यांच्यातल्या अनेकांना लिखित भाषा दुसरी भाषा म्हणून शिकावी लागते. खुणांच्या भाषेचं व्याकरणच वेगळं असतं. त्यामुळे लेखी काम म्हणजे आपोआप सोपं काम, असं धरून चालणं अन्यायाचं आहे. लांबलचक ईमेलपेक्षा पानावरच केलेली खूण दोन्ही बाजूंना लवकर समजते. तीही ग्राहकांना हेच सांगते : दुरुस्ती पीडीएफवर, त्या जागीच लिहा, एका टिपेत एकच.

(दृश्य : उत्तर येतं, “१”. ती फाइल नव्या नावाने जतन करते : pustika_v4_16pane.pdf)

फाइलच्या नावात आवृत्ती आणि पानांची संख्या दोन्ही आहेत. छापखान्यात कुणी जुनी फाइल उघडली, तर ते नावावरूनच कळेल.

लेखी पद्धत अडते ती छपाई सुरू झाल्यावर. रंग गडद येतोय, मशीन थांबलंय, आणि छापणारा माणूस सवयीने फोन उचलतो. अशा वेळी फोन घेणारी व्यक्ती ग्राहकाकडचीच असावी आणि ठरलेलं तिने लगेच संदेशात टाकावं, अशी अट ती तक्त्यातच लिहून घेते. तरी आज देऊन उद्या हवं असलेलं काम ती सहसा घेत नाही. घाईत माणसं लिहीत नाहीत, बोलतात. तारखा आधीपासून ठरलेल्या नियतकालिकांचं काम तिला जास्त जमतं. तिथे दुरुस्त्यांना दोन दिवस मिळतात, आणि त्या लिहूनच येतात.