मंडईच्या दारातली एकशे सतरावी बाई

नमस्कार श्रोतेहो. मंडईत, बसथांब्यावर पाहणीसाठी कुणीतरी पॅड घेऊन पुढे येतं, "दोन मिनिटं आहेत का?" म्हणतं. पण एवढ्या गर्दीत तुम्हालाच का गाठलं? विचारणाऱ्याची नजर आपसूक हसऱ्या, मोकळ्या हातांच्या माणसाकडे जाते. म्हणून निवड नजरेवर सोडायची नाही, मोजणीवर सोडायची.

समजा, महात्मा फुले मंडईच्या एका दारात दोघं उभे आहेत. मोजणारा वेगळा, विचारणारी वेगळी. उंबऱ्याशी खडूची रेघ आखली आहे आणि ती ओलांडून बाहेर पडणारेच मोजायचे आहेत. आधी पंधरा मिनिटं नुसतं मोजलं. पंचाहत्तर माणसं, म्हणजे तासाला तीनशे. एका मुलाखतीला सहा मिनिटं लागतात, पण गर्दी लोंढ्याने येते, म्हणून तासाला सहाच धरल्या. तीनशे भागिले सहा, दर पन्नासावा माणूस. सुरुवात कुठून? एक ते पन्नासमधली चिठ्ठी काढली, सतरा निघाली. म्हणजे सतरावा, सदुसष्टावा, मग एकशे सतरावा.

एकशे सतरावी आली एक आजी. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, पदराला धरून नातू. मागोमाग कॉलेजातला एक मुलगा, निवांत. विचारणारीचं पाऊल त्याच्याकडे वळतं. पण तो एकशे अठरावा! विचारायचं आजींनाच. आजी म्हणाल्या, "नको गं बाई, बस चुकेल माझी." ठीक. कागदावर लिहायचं: नकार, बाई, साठीच्या पुढची, नऊ वाजून दहा मिनिटं. आणि थांबायचं एकशे सदुसष्टाव्यापर्यंत. पुन्हा सांगते, नकार आला तर पुढचा माणूस घ्यायचा नाही. घेतला तर आकडा भरतो, पण घाईतली, ओझं वाहणारी माणसं पाहणीतून गळतात आणि ती गळाली हे कागदावर दिसतसुद्धा नाही.

तिघं एकदम रेघ ओलांडतात तेव्हा? उजव्या खांबाजवळचा पहिला, हे आधीच ठरवायचं.

दोन तासांत सहाशे माणसं गेली तर निवड बाराच जणांची झाली पाहिजे. बारा मुलाखती आणि नकार एकही नाही, असं दिसलं तर शंका घ्यायची, नकार लपवून शेजारचा माणूस तर घेतला नाही ना?

बसथांब्यावर खोच वेगळी आहे. उभ्या असलेल्यांतून निवडलं तर ज्यांची बस उशिरा येते तेच जास्त सापडतात. ज्यांना लगेच मिळाली ते निसटतात. मग "बस किती वेळाने मिळाली?" याचं उत्तर फुगतं. म्हणून तिथे थांब्यावर येणारा माणूस मोजायचा, उभा असलेला नाही. आणि हो, थांब्यांना सावली हवीच. उन्हात उभ्या माणसाला वीस प्रश्न विचारणं मला अन्यायाचं वाटतं.

शेवटचा प्रश्न मात्र गाळू नका: "गेल्या सात दिवसांत इथे किती वेळा आलात?" रोज येणारा आपल्या मोजणीत सापडायची शक्यता आठवड्यातून एकदा येणाऱ्याच्या सातपट असते. तेव्हा माणसांचा हिशोब मांडताना रोज येणाऱ्याचं उत्तर एक सप्तमांश धरायचं.